अपडेट आजच करू की थांबू? रिलीज नोट्स वाचायच्या कशा

आजचा विषय महिन्यातून एकदा तरी तुमच्या फोनवर येतोच. वरून नोटिफिकेशन खाली येतं: सिस्टीम अपडेट उपलब्ध आहे, साईझ अमुक एमबी, आत्ता इन्स्टॉल करू की रात्री? खाली दोन ओळी असतात. सिक्युरिटी सुधारली, स्टॅबिलिटी सुधारली. आणि आपण काय करतो? काहीजण डोळे मिटून हो म्हणतात, काहीजण सहा महिने 'नंतर' दाबत राहतात. दोघांनीही वाचलेलं काहीच नसतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणजे या नोट्स लिहिणाऱ्यांच्या बाजूला बसतो. त्यामुळे आज एक खरं अपडेट घेऊन ते ओळीओळीने कसं वाचायचं ते बघू. ऑक्टोबर २०२३ चं अँड्रॉइडचं सिक्युरिटी अपडेट. जुनं आहे, पण म्हणूनच बरं. त्याचं पुढे काय झालं ते आपल्याला पूर्ण माहीत आहे.

आधी एक प्रश्न. नोट्स इतक्या मोघम का असतात? याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही वेगळी आहेत. पहिलं कारण साधं आहे. प्ले स्टोअरवर ॲपच्या 'नवीन काय' या जागेत एका भाषेसाठी ५०० अक्षरंच मावतात. त्यात वीस-पंचवीस बदल कोण बसवणार? मग टीम 'बग फिक्सेस आणि परफॉर्मन्स' असं लिहून मोकळी होते, आणि पुढच्या वेळी तेच वाक्य पुन्हा चिकटवलं जातं.

दुसरं कारण मात्र मुद्दाम केलेलं असतं. समजा, एखादी फट बुजवली आणि नोटमध्येच सांगून टाकलं की फट नेमकी कुठे होती. मग ज्यांनी अजून अपडेट केलेलं नाही, त्यांच्या घराचा पत्ताच चोराला दिल्यासारखं होतं. क्रोमच्या रिलीज नोट्समध्ये हे उघड लिहिलेलं असतं, की बहुतेक लोकांचं अपडेट होईपर्यंत आम्ही तपशील बंद ठेवू शकतो. त्यामुळे नोट छोटी आहे म्हणजे अपडेट किरकोळ आहे, असं धरून चालू नका. कधी कधी एका ओळीची नोट सगळ्यात घाईची असते.

आता आपल्या गोष्टीकडे. ती अँड्रॉइडपासून नाही, आयफोनपासून सुरू होते.

७ सप्टेंबर २०२३ ला ॲपलने आयओएस १६.६.१ काढलं. फोनवर दिसणारी नोट एवढीच, की यात महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या आहेत आणि सगळ्यांनी अपडेट करावं. पण ॲपल सुरक्षा दुरुस्त्यांचं एक वेगळं पान ठेवतं. त्या पानावर इमेजआयओ या भागाचं नाव होतं. इमेजआयओ म्हणजे फोनमधला फोटो उघडणारा भाग. मुद्दाम बिघडवलेला फोटो उघडला तर हल्लेखोराचा कोड चालू शकतो, आणि याचा वापर प्रत्यक्षात झाला असावा अशी माहिती आमच्याकडे आली आहे, असं तिथे लिहिलं होतं. ही माहिती देणारी संस्था होती टोरोंटो विद्यापीठातली सिटिझन लॅब. वॉशिंग्टनमधल्या एका सामाजिक संस्थेत काम करणाऱ्या व्यक्तीच्या फोनवर पेगासस घुसवायचा प्रयत्न त्यांना सापडला होता. त्या व्यक्तीने कुठे क्लिक करायचीही गरज नव्हती.

चार दिवसांनी, ११ सप्टेंबरला, क्रोमची नोट आली. त्या नोटमध्ये फक्त एक दुरुस्ती होती. नंबर CVE-2023-4863. भाग: वेबपी. कळवणारे: ॲपलची सुरक्षा टीम आणि सिटिझन लॅब. आणि खाली एक वाक्य, की या फटीचा वापर बाहेर होत असल्याचं गूगलला माहीत आहे.

आता इथे जरा थांबू. हा सीव्हीई नंबर म्हणजे फटीचा आधार नंबर समजा. जगात कुठल्याही कंपनीने त्या फटीबद्दल लिहिलं की हाच नंबर लिहायचा, अशी पद्धत आहे. त्यामुळे नोटमध्ये दिसलेला नंबर कॉपी करून सर्च केला की इतरांनी काय लिहिलंय ते सापडतं.

पण नंबरापेक्षाही महत्त्वाचं आहे भागाचं नाव. नोट क्रोमची होती, पण फट क्रोमची नव्हती. फट वेबपीमध्ये होती. वेबपी हा फोटोचा एक प्रकार, जेपीजीचा चुलतभाऊ म्हणा. तुम्हाला कोणी पाठवलेले स्टिकर, वेबसाइटवरचे फोटो, यातले बरेचसे वेबपीच असतात. तो फोटो उलगडून दाखवणारं libwebp नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. ते फुकट आहे, उघडं आहे, म्हणून सगळेच ते आपापल्या ॲपमध्ये घालतात. फायरफॉक्समध्ये ते होतं, कम्प्युटरवरच्या कितीतरी चॅटिंग ॲप्समध्ये होतं आणि अँड्रॉइडच्या पोटातही होतं.

फट काय होती, तेही थोडक्यात सांगतो. फोटो उलगडताना हे सॉफ्टवेअर मेमरीमध्ये एक तक्ता तयार करतं. तक्त्याला किती जागा लागेल हे आधीच ठरवून ठेवलेलं होतं. नेहमीच्या फोटोंना ती पुरायची. पण मुद्दाम वेडावाकडा बनवलेला फोटो दिला की तक्ता ठरलेल्या जागेच्या बाहेर सांडायचा आणि शेजारच्या मेमरीवर लिहायचा. तिथूनच हल्लेखोर आत शिरायचा.

म्हणून नोट वाचताना पहिला प्रश्न हा विचारायचा: फट कोणत्या भागात आहे, आणि तो भाग माझ्याकडे कुठेकुठे आहे? ज्यांनी क्रोमची नोट वाचून 'मी तर फायरफॉक्स वापरतो' म्हटलं, त्यांनी ॲपचं नाव वाचलं, भागाचं नाव वाचलंच नाही.

आता अँड्रॉइड. दर महिन्याला गूगल अँड्रॉइड सिक्युरिटी बुलेटिन नावाचं पान काढतं. ते सगळ्यांना खुलं असतं. तुमच्या फोनच्या कंपनीने दिलेली नोट बहुधा एवढंच सांगते की यात ऑक्टोबरचा सिक्युरिटी पॅच आहे. त्या पॅचमध्ये काय आहे, ते बुलेटिनमध्ये असतं. ऑक्टोबर २०२३ चं बुलेटिन २ तारखेला आलं. उघडलं की भलेमोठे तक्ते दिसतात, ते बघून घाबरायला होतं. ते सगळे वाचायचे नाहीत. आधी वरती ही ओळ आहे का ते शोधायचं:

```
There are indications that the following may be
under limited, targeted exploitation.
CVE-2023-4863
CVE-2023-4211
```

याचा अर्थ असा, की खाली दिलेल्या फटींचा वापर निवडक लोकांवर होत असल्याच्या खुणा आहेत. भरपूर नंबर असलेल्या पानावर ही ओळ फक्त सध्या वापरात असलेल्या फटींसाठी असते. एखाद्या महिन्यात ती नसतेही. त्या महिन्यात दोन नंबर होते. पहिला आपल्या ओळखीचा, वेबपीवाला. दुसरा नवा.

दुसरा कशाचा ते बघायला तोच नंबर पानावर शोधायचा. CVE-2023-4211 सापडतो आर्म या मथळ्याखाली, आणि भागाचं नाव असतं माली. माली म्हणजे आर्म कंपनीने डिझाइन केलेला जीपीयू, फोनमधली ग्राफिक्सची चिप. आता पुन्हा तोच पहिला प्रश्न: हा भाग माझ्या फोनमध्ये आहे का? तुमच्या फोनच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर जीपीयू अशी ओळ असते. तिथे अड्रिनो लिहिलं असेल तर फोन स्नॅपड्रॅगनचा आहे आणि मालीची फट तुमच्याकडे नाहीच. माली लिहिलं असेल तर ही ओळ तुमच्यासाठी आहे. डायमेन्सिटीच्या बऱ्याच फोनमध्ये आणि गूगलच्या टेन्सरवाल्या जुन्या पिक्सेलमध्ये माली बघायला मिळतो.

दुसरा प्रश्न: फट बाहेरून उघडता येते की आत आल्यावर? बुलेटिनच्या तक्त्यात टाइप नावाचा एक रकाना असतो. त्यात RCE लिहिलेलं असेल तर बाहेरचा माणूस तुमच्या फोनवर आपला कोड चालवू शकतो. वेबपी या प्रकारातली. फोटो समोर आला, फोनने तो उलगडला, की खेळ सुरू. EoP लिहिलेलं असेल तर हल्लेखोर आधीच आत असावा लागतो, म्हणजे एखादं ॲप म्हणून. मग तो त्या फटीतून आपले अधिकार वाढवून घेतो. मालीची फट या जातीची. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेल्या एपीके फाइली तुम्ही टाकत असाल, तर ही दुसरी जात तुमच्यासाठी जास्त धोक्याची. टाकत नसाल, तर थोडी कमी. आणि खरे हल्ले बऱ्याचदा दोन्हींची साखळी करून होतात. एकीने दार उघडायचं, दुसरीने तिजोरी.

'निवडक लोकांवर' हे वाचून तुम्ही म्हणाल, मी कोण मोठा लागून गेलो? पेगासस माझ्यावर कोण सोडणार? ते खरंय, पण फक्त पहिल्या दिवसापुरतं. libwebp उघडं सॉफ्टवेअर आहे. दुरुस्ती आली त्या दिवशी जुना कोड आणि नवा कोड शेजारी ठेवून काय बदललं ते कोणीही बघू शकत होतं. आणि तसंच झालं. पंधरा दिवसांच्या आत स्वतंत्र संशोधकांनी ही फट कशी उघडते ते जाहीर लिहिलं. म्हणजे अपडेट येईपर्यंत फट काही मोजक्या लोकांना माहीत असते, आणि अपडेट आल्यावर सगळ्यांना. 'नंतर' दाबत राहणाऱ्याचा धोका दर आठवड्याला वाढत जातो, तो या कारणाने.

आता या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, त्यात अँड्रॉइड व्हर्जन, आणि तिथे अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट अशी ओळ असते. कंपनीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे असेल. तिथे एक तारीख दिसेल. ही तुम्ही अपडेट केलं ती तारीख नव्हे. ही पॅचची पातळी आहे.

साधारणपणे बुलेटिनमध्ये दोन पातळ्या असतात. महिन्याची १ तारीख म्हणजे अँड्रॉइडचा सगळ्यांना सामाईक असलेला भाग दुरुस्त झाला. ५ तारीख म्हणजे त्याशिवाय चिप बनवणाऱ्यांचे भागही दुरुस्त झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र तीन पातळ्या होत्या: `2023-10-01`, `2023-10-05` आणि `2023-10-06`. मालीची दुरुस्ती ५ मध्ये होती. वेबपीची दुरुस्ती एकटी वेगळी, ६ मध्ये. म्हणजे नोटमध्ये 'ऑक्टोबर पॅच' लिहिलंय म्हणून तुम्ही निश्चिंत झालात, आणि फोनवर ५ तारीख असेल, तर ज्या फटीची सगळीकडे चर्चा होती, ती बुजवल्याची हमी तुमच्याकडे नाही.

हमी हा शब्द मी मुद्दाम वापरला. तारीख सांगते की किमान एवढं तरी झालेलं आहे. कंपनीने पुढची दुरुस्ती आधीच घातलेली असू शकते, पण ती तारखेवरून कळत नाही. आणि प्रत्येक पातळीत आधीच्या सगळ्या बुलेटिनमधलं सामील असतं. त्यामुळे पुढच्या महिन्याची `2023-11-01` दिसली, तर ऑक्टोबरच्या तिन्ही पातळ्या त्यात आल्या.

आता दोन फोन घेऊ आणि निर्णय करू. समजा, तो ऑक्टोबरच चालू आहे.

पहिला फोन स्नॅपड्रॅगनचा. आत्ताची पातळी ५ सप्टेंबर. कंपनीने देऊ केलेलं अपडेट ५ ऑक्टोबरचं. मालकीण कॉलेजात आहे, उद्या सकाळी ऑनलाइन परीक्षा आहे, आणि ॲप्स फक्त प्ले स्टोअरवरून घेते. मालीची फट तिला लागू नाही. वेबपीची दुरुस्ती या अपडेटमध्ये असल्याची खात्री नाही. मग आज रात्री अपडेट लावून उद्या परीक्षेला नव्याने सुरू केलेला फोन घेऊन बसण्यात तिचा फायदा थोडा आहे. तिने दोन मिनिटांत करायचं काम वेगळंच आहे: प्ले स्टोअर उघडून क्रोम अपडेट करणं. क्रोम आपलं libwebp स्वतःबरोबर घेऊन फिरतं, त्यामुळे ब्राउझरमधली फट फोनच्या अपडेटची वाट न बघता बुजते. फोनचं अपडेट परीक्षा झाल्यावर संध्याकाळी, आणि नोव्हेंबरचं आलं की लगेच.

दुसरा फोन मालीवाला. आत्ताची पातळी पुन्हा ५ सप्टेंबर. देऊ केलेलं अपडेट ६ ऑक्टोबरचं. मालकाचं छोटं दुकान आहे, सगळं यूपीआय याच फोनवर चालतं, आणि दिवसभर अनोळखी ग्राहक ऑर्डरचे फोटो पाठवतात. त्यातच कोणीतरी दिलेल्या दोन-तीन एपीके फाइली फोनवर आहेत. इथे दोन्ही फटी लागू, दोन्ही वापरात, आणि दोन्ही एकाच अपडेटमध्ये बंद होतात. याने दुकान बंद केल्यावर चार्जर लावून त्याच रात्री अपडेट करायचं. दिवसा नको, कारण रीस्टार्टला वेळ लागतो आणि गल्ल्यावर माणसं उभी असतात.

महिना एकच, नोट जवळपास सारखीच, तरी उत्तरं दोन आली. फरक पडला तो चिपमुळे, तारखेतल्या एका आकड्यामुळे आणि फोन कशासाठी वापरला जातो यामुळे.

आता उलट बाजू. थांबायचं कधी? मी आत्तापर्यंत बोललो ते महिन्याच्या सिक्युरिटी पॅचबद्दल. अँड्रॉइडचा मोठा आकडा बदलणारं अपडेट ही वेगळी वस्तू आहे. त्याच्या नोटमध्ये नव्या सोयींची लांब यादी असते, आणि ती वाचताना मी एकच गोष्ट आधी शोधतो: परत जाता येतं का? ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए साठी अँड्रॉइड १३ आलं, तेव्हा गूगलने लिहिलं होतं की एकदा १३ वर गेल्यावर या फोनवर पुन्हा १२ टाकता येणार नाही. कारणही सुरक्षेचं होतं, जुन्या बूटलोडरमधली फट पुन्हा उघडू नये म्हणून. ही सूचना नव्या सोयींच्या यादीत नव्हती, डेव्हलपर लोक जुन्या आवृत्त्या उतरवतात त्या पानावर होती. परतीचं दार बंद होणार असेल, तर मी दोन-तीन आठवडे थांबतो, माझ्याच मॉडेलवाल्यांच्या तक्रारी वाचतो, आणि माझं बँकेचं ॲप नव्या आवृत्तीवर चालतंय याची खात्री करतो. तोवर जुन्या आवृत्तीला महिन्याचे पॅच मिळत असतील, तर थांबण्यात तोटा नाही. ते मिळायचे बंद झाले असतील, तर थांबू नका.

आणि जिथे नोटमध्ये तुमचाच त्रास नाव घेऊन लिहिलेला असतो, तिथे विचार सोपा होतो. ऑक्टोबर २०२३ मध्येच आयओएस १७.०.३ आलं. त्याच्या नोटमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की आयफोन अपेक्षेपेक्षा जास्त गरम होण्याची अडचण यात सोडवली आहे. फोन तापत असेल, तर उत्तर समोर आहे. 'परफॉर्मन्स सुधारला' या वाक्यावर मात्र मी कुठलाच निर्णय घेत नाही, कारण त्यातून काय, किती आणि कोणाचं सुधारलं ते कळत नाही.

शेवटी या पद्धतीची मर्यादा. नोटमध्ये नाव नाही म्हणजे फट नाही, असं म्हणता येत नाही. कंपन्या सगळं लिहीत नाहीत. आणि तारीख एखाद्या महिन्याने मागे दिसली म्हणून लगेच दचकूही नका. जुलै २०२५ च्या अँड्रॉइड बुलेटिनमध्ये एकही पॅच नव्हता, त्यामुळे तेव्हा जूनची पातळी असलेल्या फोनचं त्या बुलेटिनपुरतं काही राहून गेलं नव्हतं. पण तारीख वर्ष-दीड वर्ष मागे असेल आणि सेटिंग्ज म्हणत असतील की तुमचा फोन अप टू डेट आहे, तर त्या वाक्याचा अर्थ एवढाच, की कंपनीकडे द्यायला आणखी काही नाही. असा फोन गाणी ऐकायला, व्हिडिओ बघायला ठेवा. ब्राउझर आणि ॲप्स प्ले स्टोअरवरून अपडेट करत राहा, कारण ती वाट अजून उघडी असते. यूपीआय आणि बँक मात्र दुसऱ्या फोनवर न्या. मालीसारखी चिपच्या ड्रायव्हरमधली फट कुठलंही ॲप अपडेट करून बुजत नाही.

तर आता हा एपिसोड संपला की सेटिंग्ज उघडा आणि ती तारीख बघा. मग त्या महिन्याचं बुलेटिन काढा, वरची ती एक ओळ शोधा, आणि त्याखालचे नंबर तुमच्या चिपशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. घरात आईबाबांचा फोन असेल तर त्याचीही तारीख बघून घ्या, तो बहुधा तुमच्यापेक्षा मागे असेल.

पुढच्या भागात भेटू.